नाव खरेदीखत, आत गहाण : दस्ताच्या कोणत्या भागाला कोर्टात किती वजन?

औसा तालुक्यातले एक मामा लातूरच्या कोर्टाच्या आवारात आले होते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला चार पानी दस्त. पिशवीची गाठ सोडतानाच म्हणाले, "वकीलसाहेब, वर ठळक अक्षरात 'कायम खरेदीखत' लिहिलंय. आता माझं काही राहिलंच नाही, असं सगळे म्हणायलेत. खरं हाय का?"

मी दस्त पहिल्या ओळीपासून वाचला. नंतर त्यांना सांगितलं की वरच्या ठळक अक्षरांना या चार पानांत सगळ्यांत कमी वजन आहे. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे बहुतेकांना असंच वाटतं की दस्ताचं नाव म्हणजेच दस्त. हा लेख तो गैरसमज दूर व्हावा म्हणूनच लिहितो आहे. मामांची ओळख पटू नये म्हणून गट नंबर, क्षेत्र आणि रकमा बदलल्या आहेत. दस्ताची मांडणी मात्र तशीच ठेवली आहे, कारण मराठवाड्यात असे दस्त घरोघरी सापडतात.

दस्ताचे चार भाग

कोणतंही खरेदीखत, साठेखत किंवा करारनामा उघडला की त्यात चार गोष्टी दिसतात.

सर्वांत वर दस्ताचं नाव असतं आणि आत कलमांना मथळे असतात. या दोन्हींना आपण शीर्षक म्हणू. त्यानंतर 'कारणे लिहून देतो की' म्हणून एक मजकूर सुरू होतो: जमीन देणाऱ्याकडे कशी आली, विकायची वेळ का आली, आधीचं देणं-घेणं काय होतं. वकील याला रिसायटल म्हणतात, आपण हकीकत म्हणू. मग येतात मुख्य कलमं. जमीन दिली, रक्कम घेतली, कब्जा दिला, अमुक केलं नाही तर तमुक होईल, असे हक्क आणि जबाबदाऱ्या याच भागात जन्माला येतात. शेवटी परिशिष्ट, म्हणजे मिळकतीचं वर्णन: गाव, गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा.

लग्नाच्या याद्या करताना बैठकीत बोलणी होतात. कोण कुठून आलं, आधी कुठे बोलणं झालं होतं, आजी काय म्हणाली, हे सगळं बोललं जातं. पण पुढे वाद झाला तर सगळे विचारतात, यादीत काय लिहिलंय? यादीतला एखादा शब्द दोन्ही बाजूंनी ओढता येण्यासारखा निघाला, तरच बैठकीतल्या बोलण्याची आठवण काढली जाते. हकीकत म्हणजे ती बैठक आणि मुख्य कलमं म्हणजे ती यादी.

मामांच्या दस्तात काय होतं

शीर्षक: कायम खरेदीखत.

हकीकत: "आमच्याकडे आपले हातउसने घेतलेले रुपये 4,00,000 देणे आहे. मुलीच्या लग्नासाठी आज आणखी रुपये 2,00,000 घेतले. अशा एकूण रुपये 6,00,000 च्या तारणासाठी हा दस्त लिहून देत आहोत."

कलम 3: "परिशिष्टातील मिळकत आज रोजी रुपये 6,00,000 या किमतीस आपणांस खरेदी दिली आहे."

कलम 5, मथळा 'परत खरेदीची मुभा': "आजपासून पाच वर्षांच्या आत सदर रक्कम परत केल्यास आपण मिळकत आम्हांस परत लिहून द्यावी. न केल्यास ही खरेदी कायम समजावी."

परिशिष्ट: "गट नं. 241 पैकी 1 हेक्टर 20 आर. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीरस्ता, उत्तरेस गट नं. 213, दक्षिणेस गट नं. 215."

पाच वर्षं उलटून दोन वर्षं झाली होती. सावकाराचं म्हणणं असं की मुदत गेली, खरेदी पक्की झाली. मामांचं म्हणणं असं की मी जमीन विकली नव्हती, पैसे घेतले होते आणि आजही परत द्यायला तयार आहे. पेरणी अजून तेच करत होते.

कोर्ट आधी कुठे पाहतं?

आधी मुख्य कलमं. शब्द स्वच्छ असतील आणि त्यांचा एकच अर्थ निघत असेल, तर हकीकतीकडे वळायची गरजच पडत नाही.

इंग्लंडच्या अपील न्यायालयात लॉर्ड ईशर यांनी 1886 साली याचे तीन सरळ नियम घालून दिले, आणि आपल्याकडची कोर्टंही त्याच वाटेने जातात. हकीकत स्पष्ट आणि मुख्य कलम संदिग्ध असेल, तर हकीकतीच्या उजेडात कलमाचा अर्थ लावायचा. हकीकत संदिग्ध आणि कलम स्पष्ट असेल, तर कलम चालणार. आणि दोन्ही स्पष्ट असूनही एकमेकांच्या विरुद्ध असतील, तरीही कलमच चालणार. म्हणजे हकीकतीला कौल देण्याचा अधिकार एकाच प्रसंगी मिळतो, कलम स्वतः अडखळतं तेव्हा.

मामांच्या दस्तात कलम अडखळत होतं. कलम 3 म्हणतं, विकली. कलम 5 म्हणतं, पैसे दिले तर परत. आता हा व्यवहार दोन तऱ्हांनी वाचता येतो. एक, जमीन खरंच विकली आणि वर एक सवलत दिली की ठराविक मुदतीत हवी तर परत विकत घ्या. दोन, जमीन मुळात कर्जाला तारण ठेवली आणि वेष तेवढा विक्रीचा दिला. आपल्याकडे याला मुदत खरेदी म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58(क) मध्ये त्याचं नाव आहे सशर्त विक्रीचं गहाण.

या दोन वाचनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खरी विक्री आणि परतीची सवलत असेल, तर मुदत काटेकोर पाळावी लागते. ती चुकली की सवलत संपली. गहाण असेल, तर पाच वर्षं गेली म्हणून जमीन जात नाही. 'न दिल्यास खरेदी कायम समजावी' हे शब्द गहाण सोडवायचा हक्क मारू शकत नाहीत. एकदा गहाण ते कायम गहाणच, हे तत्त्व इथे लागू होतं. गहाण सोडवण्याचा दावा लावायला मुदत कायद्याने 30 वर्षं दिली आहेत, आणि ती सोडवण्याचा हक्क उत्पन्न झाल्यापासून मोजतात. मामांच्या दृष्टीने संपलेल्या पाच वर्षांपेक्षा ही 30 वर्षं महत्त्वाची होती.

'फेडीपोटी' आणि 'तारणासाठी'

इथे हकीकत कामाला येते, आणि तीही एका शब्दासाठी.

कर्जदाराने देणं भागवायला जमीन विकणं यात बेकायदा काही नाही. "चार लाखांचं देणं होतं, त्याच्या फेडीपोटी ही जमीन खरेदी देत आहे" असं हकीकतीत असतं, तर कर्ज तिथेच फिटलं असतं. देणंच उरलं नाही म्हटल्यावर गहाण कशाचं? हकीकतीत कर्जाचा उल्लेख आहे एवढ्यावर व्यवहार गहाण ठरत नाही. ही चूक मी नव्या वकिलांकडूनही होताना पाहिली आहे. कर्जाचा उल्लेख दिसला की ते खूश होतात आणि पुढचा शब्द वाचायचा राहून जातो.

मामांच्या दस्तात शब्द होता 'तारणासाठी'. तारण जिवंत कर्जाला असतं. म्हणजे दस्त झाल्यावरही दोघांत धनको-ऋणको हे नातं शिल्लक होतं. कोर्ट शोधतं ते हेच: व्यवहाराने कर्ज संपलं की चालू राहिलं?

चुंचुन झा विरुद्ध इबादत अली या 1954 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आधार दिला आहे. विक्री आणि परतीची अट एकाच दस्तात असेल आणि कलम 58(क) ची लक्षणं जुळत असतील, तर तो दस्त गहाण म्हणून वाचावा. तसं नाही म्हणणाऱ्याला दस्तातले स्वच्छ शब्द दाखवावे लागतात.

मग आजूबाजूची परिस्थिती येते. भास्कर वामन जोशी यांच्या खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं की हेतू पूर्ण दस्त वाचून आणि भोवतालची परिस्थिती पाहून ठरवायचा. कब्जा कोणाकडे राहिला? किंमत बाजारभावाच्या किती खाली? पैसे फेडायची मुदत किती? मामांच्या शिवारात त्या वर्षी एकराला आठ लाखांच्या आसपास भाव चालला होता. 1 हेक्टर 20 आर म्हणजे सुमारे तीन एकर, म्हणजे चोवीस लाखांची जमीन. दस्तात सहा लाख. पेरणी मामांचीच. यातली एकटी खूण पुरेशी नसते, पण 'तारणासाठी' या शब्दाशेजारी त्या उभ्या राहिल्या की चित्र पुरं होतं.

मग शीर्षकाला काहीच किंमत नाही?

फार थोडी. दस्ताला नाव बहुधा दस्तलेखक देतो, आणि तो जुन्या नमुन्यावरून देतो. कोर्ट व्यवहाराचं अंतरंग पाहतं. मुद्रांक शुल्क आकारतानाही दस्ताच्या नावाऐवजी आतला व्यवहार काय आहे हेच पाहिलं जातं.

कलमांच्या मथळ्यांचंही तेच. 'परत खरेदीची मुभा' या मथळ्यावर सावकाराच्या वकिलांनी बराच भर दिला: मुभा म्हणजे सवलत, म्हणून ही खरी विक्री. पण मथळ्याखालच्या मजकुरात 'सदर रक्कम परत केल्यास' असं होतं. किंमत देऊन जमीन परत विकत घेणं वेगळं आणि घेतलेली रक्कम परत करणं वेगळं. मथळा आणि मजकूर यांत फारकत झाली की मजकूर चालतो. मजकूर संदिग्ध असेल तर मथळ्याची मदत घेता येते, तीही हलक्या हाताने. बिल्डर किंवा कंपन्यांच्या करारात तर 'मथळे केवळ सोयीसाठी आहेत, अर्थ लावताना विचारात घेऊ नयेत' असं कलमच असतं. ते असेल तर मथळ्यांचा विषय तिथेच मिटतो.

परिशिष्टात नंबरच चुकला होता

मामांची जमीन गट नं. 214 मध्ये आहे. परिशिष्टात पडला 241. सावकाराने यावरही एक डाव टाकला होता: दावा 214 चा लावलाय, दस्त 241 चा आहे, म्हणून दावा फेटाळा.

परिशिष्ट शेवटी जोडलेलं असतं म्हणून त्याला शेपूट समजू नये. कलम 3 'परिशिष्टातील मिळकत' म्हणतं, तेव्हा ते कलम स्वतः रिकामं असतं आणि परिशिष्टाने भरतं. नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 21 प्रमाणे मिळकत ओळखता येईल इतकं वर्णन नसेल तर दस्त नोंदणीलाच घेत नाहीत. मिळकत कोणती, या प्रश्नापुरतं परिशिष्टाचं वजन मुख्य कलमाएवढंच असतं. हक्क कोणता, या प्रश्नावर मात्र ते बोलत नाही. परिशिष्टात कोणी 'कायमची विकलेली मिळकत' असं लिहिलं, तर त्या 'कायमची' शब्दाने कलम 5 पुसलं जात नाही.

परिशिष्टाच्या आतही वजनाची उतरंड आहे. नंबर एक सांगतो आणि चतुःसीमा दुसरं सांगते, तेव्हा सहसा चतुःसीमा चालते. शिवध्यान सिंग विरुद्ध सनिचरा कुअर या खटल्यात नेमकं हेच घडलं होतं. भूखंड क्रमांक 1060 ऐवजी कागदावर 160 पडला होता, बाकीचं वर्णन जुळत होतं. सर्वोच्च न्यायालयाने ती वर्णनातली चूक मानली आणि मिळकतीची ओळख कायम ठेवली. कारण समजण्यासारखं आहे. आकडा लिहिताना बोट घसरतं, पण ओढा आणि गाडीरस्ता कोणी चुकून लिहीत नाही. मामांच्या दस्तात उत्तरेला 213 आणि दक्षिणेला 215 लिहिलं होतं. मधला गट 214 असल्याचं नकाशावर बोट ठेवून दाखवता आलं.

मराठवाड्यात ही चूक वारंवार दिसते. जुने सर्व्हे नंबर, त्यावरून झालेले गट नंबर, निजामाच्या काळातले उर्दू कागद, खासरा पत्रक, अशा थरांतून एकच तुकडा तीन-तीन नावांनी फिरत असतो. दस्तलेखक त्यातला एक उतरवतो.

पण चतुःसीमेलाही मर्यादा आहे. "दक्षिणेस देणाऱ्याचीच उरलेली जमीन" असं लिहिलं असेल, तर ती सीमा कुठे संपते हे कोण सांगणार? अशा दस्तात क्षेत्र आणि भूमी अभिलेखची मोजणी यांवर भिस्त जाते. दोन्ही बाजू राजी असतील तर चूक-दुरुस्ती पत्र नोंदवणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. राजी नसतील आणि चूक दोघांच्याही नजरेतून सुटलेली असेल, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 26 खाली दस्त दुरुस्त करून मागता येतो. आमच्या खटल्यात ती मागणी दाव्यातच जोडली होती.

"साक्षीदार आहेत ना, ते सांगतील"

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. दस्तात लिहिलेल्या अटींच्या विरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 92 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 95 आहे. याला अपवाद आहेत. फसवणूक झाली, किंवा दस्त अंमलात आणायचाच नव्हता, तो निव्वळ देखावा होता, असं म्हणणं असेल तर तोंडी पुरावा देता येतो. गंगाबाई विरुद्ध छबूबाई या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं आहे. पण देखावा सिद्ध करणं म्हणजे चढाचा रस्ता आहे, आणि दस्तातच लिहिलेला एक शब्द दहा साक्षीदारांपेक्षा पुढे नेतो.

अट दुसऱ्या कागदावर असेल तर

मामांच्या मागोमाग त्यांच्याच गावचे एक जण आले. गोष्ट तीच, सावकारही तसाच. फक्त खरेदीखतात परतीचा शब्द नव्हता. त्यांच्याकडे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर त्याच दिवशी वेगळी लिहिलेली पावती होती: "पाच वर्षांत पैसे दिल्यास जमीन परत देईन."

त्यांना मी मामांसारखं उत्तर देऊ शकलो नाही. कलम 58(क) ला 1929 साली जोडलेलं परंतुक सांगतं की परतीची अट विक्रीच्याच दस्तात नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. वेगळ्या कागदातली हकीकत कितीही स्पष्ट असो, ती हे कुंपण ओलांडू शकत नाही. त्यांच्या हातात उरतो तो परत विक्रीचा करार. त्याच्या अंमलबजावणीचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो, आणि मुदतीत पैसे द्यायला आपण तयार होतो हे पटवावं लागतं. त्यांची ती तीन वर्षं कधीच सरली होती.

एक वाट मात्र उरली. घेणारा सावकारी करत असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या आधीच्या 15 वर्षांत सावकारीच्या ओघात गेलेली जमीन चौकशीअंती परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. तिथे दस्ताचं नाव काय आहे यापेक्षा व्यवहार सावकारीचा होता का, हे तपासलं जातं. त्यांचा दस्त नऊ वर्षांपूर्वीचा होता. अर्ज दिला आहे.

हा नियम एवढा कडक का?

कारण जमीन पुढे तिसऱ्याला विकली जाऊ शकते. अट त्याच नोंदणीकृत दस्तात असेल, तर नवा खरेदीदार 'मला माहीत नव्हतं' असं म्हणू शकत नाही. नोंदणी झालेल्या दस्तातला मजकूर त्याला कळला असं कायदा धरून चालतो. घरातल्या पेटीत ठेवलेली पावती त्याने कुठून पाहायची?

आज जमीन घेताना बहुतेक लोक ऑनलाइन सूची क्रमांक 2 काढतात आणि निश्चिंत होतात. त्यात दस्ताचा प्रकार, मोबदला, क्षेत्र, पक्षकारांची नावं आणि तारीख असते. म्हणजे शीर्षक दिसतं आणि परिशिष्टाचा सारांश दिसतो. हकीकत दिसत नाही, कलम 5 दिसत नाही. मामांच्या जमिनीची सूची काढली, तर तिथेही 'खरेदीखत, 6,00,000' एवढंच येतं. 'तारणासाठी' हा शब्द वाचायचा तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या दस्ताची पूर्ण सही-शिक्क्याची नक्कल काढावी लागते. मामांची जमीन घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने ती काढली, दुसरं पान वाचलं आणि सावकाराला दिलेला इसार परत मागितला.